नवीन स्कीमची जाहिरात टाकताय ना भाऊ, आधी हे बघा

भाऊ, जळगावात आठच फ्लॅट बांधताय तर रेरा नोंदणी लागत नाही, मग 'रेरा मंजूर' कशाला छापता, सरळ लिहा की आठच आहेत म्हणून नोंदणी नाही आणि बांधकाम परवानगीचा नंबर न् तारीख द्या. नुसता अर्ज टाकलाय तर 'मंजुरी मिळाली' लिहू नका. रेट कार्पेटवरच सांगा, सुपर बिल्टअपचा रेट स्वस्त दिसतो पण गिऱ्हाईक टेप घेऊन येतंच. समजा 600 फूट कार्पेट, 4000 ने 24 लाख, छोटा न् 45 लाखांच्या आतला म्हणून जीएसटी 1 टक्का, म्हणजे 24 हजार, स्टॅम्प ड्युटी वेगळी. पार्किंग, मीटरचे पैसे त्यातच का वेगळे, तेही टाका, भांडणं तिथेच होतात.