रविवारची रात्र

"मॅडम, आमच्याकडे पाळी उलटी फिरते. थर्डनंतर सेकंड, मग फर्स्ट. सुलटी केली तर झोप आणि तब्येत सुधारेल का? की रात्रपाळी ती रात्रपाळीच?"

एमआयडीसीतली माणसं हे मला वर्षानुवर्षं विचारत आली आहेत. बहुतेकांना सुलटी पाळी सोपी जाते. पण का आणि कुठपर्यंत, हे मला एका ४४ वर्षांच्या ऑपरेटरच्या वहीने नीट दाखवलं.

त्यांची पाळी दर आठवड्याला बदलायची. फर्स्ट सात ते तीन, सेकंड तीन ते अकरा, थर्ड अकरा ते सात आणि रविवारी सुट्टी. बायको त्यांना घेऊन आली होती. "हे घरात कुणाशी धड बोलत नाहीत. काही रविवारी तर भांडण ठरलेलंच." ते खाली बघत म्हणाले, "डोकंच कमजोर झालंय माझं."

माणसाच्या मनात खोट शोधण्याआधी त्याचा दिवस बघावा, या मताची मी आहे. मी त्यांना चौकटीची वही दिली. एका दिवसाची एक ओळ, ओळीत चोवीस घरं. झोपलात तेवढी घरं पेन्सिलने काळी करायची. बाकी काही लिहायचं नाही.

सहा आठवड्यांनी वही टेबलावर उघडली. थर्डच्या आठवड्यात काळी घरं तुटक होती, दिवसा चारेक तास. ते अपेक्षितच होतं. पण सेकंड संपून फर्स्ट सुरू होण्याआधीच्या दोन्ही रविवारी रात्री जेमतेम तीन-तीन घरं काळी होती.

"त्या रात्री काय करत होतात?"

"पडून होतो. पाचला उठायचं म्हणून दहालाच अंथरुणावर. दोनपर्यंत छताकडे बघत."

"आणि त्याआधीचा आठवडाभर?"

त्यांनी ओळींवरून बोट फिरवलं. रोज दोन ते नऊ. बोट रविवारवर येऊन थांबलं. "म्हणजे मला थर्ड खात नव्हती मॅडम. फर्स्ट खात होती."

ते वाक्य त्यांना स्वतःहून सापडलं, याचं मला आजही समाधान आहे. मी आधीच सांगितलं असतं, तर त्यांनी नुसती मान हलवली असती.

आपल्या शरीराचं घड्याळ बहुतेकांत चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं, सरासरी दहा-बारा मिनिटांनी. त्यामुळे झोप पुढे ढकलणं जमतं, अलीकडे ओढणं जड जातं. शिवाय नेहमीच्या झोपेआधीचे दोन-तीन तास शरीर सर्वात टक्क जागं असतं. दोनला झोपणारा माणूस दहाला आडवा झाला, तर नेमके हेच तास अंथरुणात जागून जातात. उलट्या पाळीत ही ओढाताण पुन्हापुन्हा होते. सुट्टी मध्ये न येता सेकंडहून फर्स्ट लागली, तर दोन पाळ्यांत आठच तास उरतात. जाणं-येणं, जेवण वजा केलं की झोपेला पाच तासही मिळत नाहीत.

अमेरिकेत युटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात पाळ्यांची दिशा सुलटी केली आणि काहींची पाळी एकाऐवजी तीन आठवड्यांनी बदलू लागली. कामगारांचं समाधान आणि उत्पादन, दोन्ही वाढलं. हा अभ्यास १९८२ साली छापून आला. पण त्यात दिशेबरोबर मुदतही बदलली होती, म्हणून सगळं श्रेय मी दिशेला देत नाही.

वही घेऊन ते आणि त्यांचे युनियनवाले साहेबांकडे गेले. खर्च काही नव्हता, दिशा बदलली. दोन महिन्यांनी नवी वही आली. फर्स्टहून सेकंड आणि सेकंडहून थर्ड, दोन्ही वेळा मध्ये पूर्ण ४८ तास मिळत होते. पण थर्डहून फर्स्टला मात्र रविवारी सकाळी सात ते सोमवारी सकाळी सात, एवढाच अवधी होता. सुलट्या पाळीचा हा कच्चा सांधा आहे. थर्डनंतर दोन दिवस सुट्टी हवी. ती त्यांना मिळाली नाही.

मग आम्ही रविवार बांधला. घरी येऊन आठ ते अकरा एवढंच झोपायचं, गजर लावून उठायचं, दुपारी उन्हात फिरायचं, चहा दुपारनंतर बंद, रात्री साडेनऊला अंथरुणावर. इथे आठवड्याची झोपेची थकबाकी कामी येते. अंग इतकं थकलेलं असतं, की लवकर झोप लागते. सेकंडनंतरच्या रविवारी ही मदत नसते. ज्यांची पाळी उलटीच राहणार आहे, त्यांनी शुक्रवारपासून रोज तासभर आधी उठून उन्हात जावं आणि रविवारी संध्याकाळी घरातले दिवे मंद ठेवावेत. तेवढाच ताण कमी होतो.

थर्डचा आठवडा मात्र सुलट्या पाळीतही जडच राहिला. दिवसाची झोप चारवरून पाच तासांवर गेली, तीही खिडकीला काळा कागद लावल्यावर आणि कुकर अकराच्या आत उतरवायला लागल्यावर. पाच-सहा रात्रींत घड्याळ पुरतं उलटत नाही. दिशा कोणतीही असो, घोरताना श्वास अडत असेल, रक्तदाब किंवा साखर वाढत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावं. थर्ड सुटल्यावर दुचाकीऐवजी कंपनीची बस धरावी.

शेवटच्या भेटीत वहिनींनी वही उघडून दाखवली. थर्डनंतरच्या रविवारी रात्री सात घरं सलग काळी होती. "या रविवारी यांनी मुलीच्या प्रोजेक्टची सगळी चित्रं कापून दिली," त्या म्हणाल्या.