गांधी, पित्त आणि गांधीलमाशी

*प्रश्न: मुलगा परसातून खेळून आला तर हातावर लांब लांब खाजऱ्या रेघा उठलेल्या. सासूबाई म्हणाल्या, ‘गांधी उठल्यात.’ शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘पित्त उठलंय.’ यातला बरोबर शब्द कोणता?*

सासूबाईंचा. अंगावर काहीही उठलं की ‘पित्त’ म्हणायचं, आणि जरा शिकलेलं घर असेल तर ‘ॲलर्जी’ म्हणायचं, हे ऐकून ऐकून माझ्याच अंगावर काटा येतो. गांधी म्हणजे कातडीवर उठलेला फुगवटा, मग तो कशानेही उठो. तो कशाने उठला याबद्दल शब्द काहीच बोलत नाही. ‘पित्त’ मात्र कारणही सांगून टाकतं, आणि इथे ते चुकीचं सांगतं.

पण खरी गंमत गांधी या शब्दातच आहे. अमरकोशात वरटा आणि गंधोली हे एकाच माशीचे दोन शब्द आहेत. गंधोलीची आपण गांधील केली, काही भागांत गांधीण. आता माधवनिदान उघडा. ७व्या-८व्या शतकाच्या आसपासचा हा रोगनिदानाचा ग्रंथ शीतपित्ताच्या प्रकरणात म्हणतो, ‘वरटीदष्टसंस्थानः शोथः संजायते बहिः’, म्हणजे वरटी डसल्यावर येते तशा आकाराची सूज अंगावर उठते. वरटी म्हणजे गंधोली, गंधोली म्हणजे गांधील. मग गांधील डसल्यावर जी उठते ती गांधी! माधवाने उपमा दिली आणि आपण उपमेचंच नाव करून टाकलं, असं माझं मत आहे.

माझे एक व्याकरणप्रेमी स्नेही हे ऐकून हसतात. त्यांच्या मते गांधी ‘ग्रंथि’पासून आली. अहो, ग्रंथीची मराठीत ‘गाठ’ झाली ना? ती तशी होऊन शेकडो वर्षं झाली. त्याच ग्रंथीने दुसऱ्या वाटेने ‘ध’ कुठून उचलला, ते आधी सांगा. त्यांचा दुसरा आक्षेप, की गांधीवरूनच माशीचं नाव पडलं असेल, त्यात थोडं तथ्य आहे हे मान्य. पण माशीचं नाव संस्कृतात आधीपासून आहे, तेव्हा सिद्ध करायचं ओझं त्यांच्या खांद्यावर.

आणि इकडे काय झालं पाहा. शीतपित्ताला डॉक्टर ‘अर्टिकेरिया’ म्हणतात, तो शब्द लॅटिन ‘अर्टिका’वरून आला. अर्टिका म्हणजे खाजरं, डसणारं झुडूप. त्या शब्दाचं नातं जळण्याच्या क्रियापदाशी लावतात. आपल्या सह्याद्रीतल्या खाजोटीला कित्येक गावांत ‘आग्या’ म्हणतात, तीच कल्पना. म्हणजे आपल्या वैद्यांनी आतल्या रोगाला माशीची उपमा दिली, युरोपातल्यांनी झाडाची. दोन्हीकडे बाहेरच्या डंखावरून आतल्या आजाराला ओळख मिळाली. आणि आपण आता उलटे निघालो आहोत : खरोखरच झाड लागलेल्या पोराला आतल्या आजाराचं नाव देतो! वर, माधवनिदानाच्या ज्या प्रकरणावर हे सारं उभं आहे त्यात थंड वाऱ्याने बिघडलेले कफ आणि वात मुख्य आहेत. ‘पित्तेन सह’, म्हणजे पित्त नुसतं सोबतीला आलंय. नाव मात्र त्याचंच गाजलं.

हा शब्दच्छल नाही. नाव चुकलं की उपाय चुकतो. माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. शेवग्याच्या शेंगा काढायला झाडावर चढला. खोडावर केसाळ सुरवंटांचा घोळका बसला होता, ते दिवसा असेच एकत्र चिकटून बसतात. उतरला तेव्हा हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून कोपरापर्यंत, तीन समांतर रेघा. घरच्यांनी ‘पित्त’ ठरवलं, आमसुलाचं पाणी चोळलं, वांगं आणि तूरडाळ बंद केली. चोळल्यामुळे तुटलेले केस आणखी रुतले आणि रात्रभर पोरगं तळमळलं.

जरा पाहिलं असतं तर कळलं असतं. खऱ्या पित्ताच्या गांधी गोल, वेड्यावाकड्या, नकाशासारख्या असतात. आत्ता पोटावर, तासाभराने मांडीवर, कपड्याखालीही, कधी ओठ-पापण्या सुजवून. एकेक गांधी बहुतेक वेळा चोवीस तासांच्या आत डाग न ठेवता मावळते आणि दुसरीकडे नवी उठते. भाच्याच्या रेघा जिथे खोड घासलं तिथेच होत्या, उघड्या कातडीवर, आणि नीट पाहिलं तर रेघेत बारीक बारीक पुटकुळ्या ओळीने बसलेल्या. त्या चार दिवस हलल्या नाहीत. घरी करता येईल अशी परीक्षा हीच : एका गांधीभोवती पेनाने गोल काढा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहा. गोल रिकामा आणि गांधी इतरत्र, तर पित्त. गोलातच ठाण मांडून बसली असेल तर बहुधा काहीतरी लागलंय.

रेघ दिसली म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नका मात्र. काहींची कातडीच अशी, की नखाने ओरखडलं की पाच-दहा मिनिटांत वळ उठतो आणि बहुधा तासाभरात जातो. तिथे सुरवंटाचा काही संबंध नाही. उलट, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवर सुरवंटाचे केस उडून बसले, तर पुरळ कपड्याखालीही येतं आणि रेघ मुळीच नसते. खाजोटीच्या गांधीही सहसा काही तासांतच उतरतात, कारण तिचे पोकळ केस सुईसारखे टोचून त्यातलं द्रव्य कातडीत सोडतात. त्या द्रव्यात हिस्टमिन असतं, म्हणजे खऱ्या पित्तात शरीर स्वतःच सोडतं तेच. तिथे पेनाचा गोल फसतो; तेव्हा पोरगं कुठे हिंडलं होतं ते विचारा.

खाजकुयलीचं तर आणखीच वेगळं. संस्कृतात ती कपिकच्छू, माकडालाही खाज आणणारी. तिच्या शेंगेवरच्या कुसांत म्युकुनेन नावाचं प्रथिन असतं आणि ते हिस्टमिनच्या वाटेने जातच नाही. म्हणून ॲलर्जीची नेहमीची गोळी घेऊन ती खाज फारशी हटत नाही. तिथे खाज भयंकर आणि फुगवटा जेमतेम. ज्या रेघा दिसतात त्या बऱ्याचदा आपल्याच नखांच्या. त्यांना गांधीही म्हणू नये. ओरखडे म्हणा.

तुमच्या मुलाचं विचारलं होतं, नाही का. सुरवंट किंवा कुसं लागली असतील तर हात चोळू नका. चिकटपट्टी लावून अलगद उचला, दर वेळी नवा तुकडा, दोन-चारदा. मग साबणाच्या पाण्याने धुवा, थंड पट्टी ठेवा, कपडे वेगळे धुवा. डोळ्यात केस गेला असेल, किंवा ओठ सुजले, श्वास लागला, तर शब्दचर्चा बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

आणि काकूंना सांगा, सुरवंट ‘चावला’ असंही म्हणू नका. त्याचं तोंड पानात असतं. तो लागतो, आपणच त्याला घासतो.