५% आणि २५% डेक्स्ट्रोजपासून १०% कसं करायचं?

प्रश्न: "डी. फार्म करतेय. ५% आणि २५% डेक्स्ट्रोज मिसळून १०% चं ५०० मिली करायचंय. ॲलिगेशनची फुली मारली तर १५ आणि ५ आलं. आता या आकड्यांचं करायचं काय? आणि सगळीकडे 'अप टू ५०० मिली' असंच का लिहितात?"

१५ आणि ५ हे मिली नाहीत, भाग आहेत. १५ भाग ५% चे, ५ भाग २५% चे, एकूण भाग २०. म्हणजे २५% चं द्रावण ५०० च्या पाच-विसांश, १२५ मिली, आणि ५% चं ३७५ मिली. परीक्षेपुरतं उत्तर एवढंच. पण हे आकडे कुठून येतात ते नीट उमगलं नाही, तर वॉर्डात हात चुकतो. माझा चुकला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी इंदूरला रुग्णालयाच्या फार्मसीत काम करते. नोकरी नवी होती तेव्हा एका रात्री लहान मुलांच्या वॉर्डातून निरोप आला की १०% च्या तयार बाटल्या संपल्या आहेत, ५% मध्ये २५% घालून बनवून द्या. तयार माल असेल तर तोच वापरावा, पण त्या रात्री नव्हता. मी मनात हिशेब केला: ५०० मिली १०% मध्ये ५० ग्रॅम डेक्स्ट्रोज हवं. ५% च्या बाटलीत २५ ग्रॅम आहेच. कमी पडतंय २५ ग्रॅम, आणि २५% च्या १०० मिलीमध्ये नेमकं तेवढंच असतं. मग १०० मिली ओतलं की झालं!

सिरिंज भरायला घेतली तेवढ्यात आमच्या वरिष्ठ ताईंनी विचारलं, "अगं, मग बाटलीत एकूण किती होईल?" सहाशे मिली. ५० ग्रॅम सहाशे मिलीमध्ये, म्हणजे ८.३%. मी लगेच म्हटलं, बरं, आधी १०० मिली काढून टाकते. त्या म्हणाल्या, "जे काढशील ते काय पाणी आहे का?" तेव्हा लख्ख उजेड पडला. काढलेल्या १०० मिलीबरोबर ५ ग्रॅम डेक्स्ट्रोजही जातं. उरतं २०, त्यात २५ घातलं की ४५ ग्रॅम, म्हणजे ९%. तरीही कमीच.

मग ताईंनी जे सांगितलं त्यातच ॲलिगेशनचं सगळं मर्म आहे. बाटलीतला एक मिली काढून त्या जागी २५% चा एक मिली घातला, की ०.०५ ग्रॅम जातं आणि ०.२५ ग्रॅम येतं. निव्वळ वाढ ०.२० ग्रॅम. आपल्याला वाढ हवी २५ ग्रॅमची. २५ भागिले ०.२० म्हणजे १२५. तेवढे मिली काढायचे आणि तेवढेच घालायचे. ताळा करा: उरलेल्या ३७५ मिलीमध्ये १८.७५ ग्रॅम, घातलेल्या १२५ मध्ये ३१.२५ ग्रॅम, बेरीज बरोबर ५०.

आता तुमच्या फुलीकडे परत बघा. १५ अधिक ५ म्हणजे २०, आणि २५ वजा ५ सुद्धा २०. एकूण भाग म्हणजे दोन द्रावणांच्या तीव्रतेतलं अंतर. त्यातला ५ म्हणजे पाचावरून दहावर जायला जेवढं चढायचं तेवढं. वीस पायऱ्यांपैकी पाच चढायच्या, म्हणून पाच-विसांश द्रावण वरचं. हे एकदा बसलं की फुलीची गरजही उरत नाही. ७.५% हवं असेल तर अडीच-विसांश, ५०० मध्ये ६२.५ मिली. आकडा उलटा पडला की लगेच कळतंही: दहा हे पंचवीसपेक्षा पाचाच्या जवळ आहे, तेव्हा मिश्रणात ५% चाच वाटा मोठा असायला हवा. कोणी ३७५ मिली २५% चं घेतलं तर ते २०% होईल. बाळाच्या हातातल्या बारीक शिरेसाठी तर ते घातकच, कारण तिथे सहसा साडेबारा टक्क्यांच्या वर जात नाहीत.

हिशेब बरोबर येऊनही एक गोष्ट राहते, ती पुस्तकात क्वचितच सापडेल. २५% चं द्रावण जड असतं, ते तळाशी बसतं. बाटली उलटी टांगली की तळ म्हणजे तोंडाची बाजू, तेव्हा न हलवता टांगली तर सुरुवातीला जास्त तीव्र द्रावण जातं आणि शेवटी पातळ. घातल्यावर बाटली ट्यूबलाइटसमोर धरून पाहा. पाण्यात पाक सोडल्यावर दिसतात तशा वळणदार लहरी दिसतील. त्या पूर्ण दिसेनाशा होईपर्यंत बाटली सावकाश वरखाली करायची. मग काय, किती आणि केव्हा घातलं त्याचं लेबल लावायचं, आणि आकडेमोड दुसऱ्याकडून तपासून घ्यायची. तीही त्याने स्वतः पहिल्यापासून करायची, आपली नुसती वाचून मान डोलवायची नाही.

आता 'अप टू'. वजन-आकारमान टक्केवारी म्हणजे तयार झालेल्या १०० मिलीमध्ये किती ग्रॅम. १०० मिली पाण्यात किती, असं नव्हे. विरघळलेला पदार्थही जागा व्यापतो. १० ग्रॅम डेक्स्ट्रोज १०० मिली पाण्यात टाकलं तर द्रावण साधारण १०६ मिली होतं आणि तीव्रता ९.४% च्या आसपास येते. म्हणून थोड्या पाण्यात आधी विरघळवून घ्यायचं आणि मग खुणेपर्यंत पाणी भरायचं. मलमाचं गणित वेगळं, तिथे वजनात वजन असतं. फुली मारताना दोन्ही बाजूंची टक्केवारी एकाच जातीची हवी, नाहीतर उत्तर सुबक येतं आणि चुकीचं असतं.

स्पिरिटच्या बाबतीत 'अप टू' आणखीच महत्त्वाचं. ९५% अल्कोहोलपासून ७०% चं ५०० मिली करायचं असेल तर पाण्याची तीव्रता शून्य धरायची. फुलीत ७० भाग अल्कोहोल आणि २५ भाग पाणी येतं, म्हणजे अल्कोहोल ३६८ मिली. पाण्याचं उत्तर १३२ येतं, पण तेवढं मोजून ओतलं तर मिश्रण ५०० भरतच नाही. अल्कोहोल आणि पाणी एकत्र आले की आकारमान आकसतं, म्हणून प्रत्यक्षात बारा-तेरा मिली पाणी जास्त लागतं. शिवाय मिसळताना भांडं हाताला कोमट लागतं, आणि कोमट द्रव फुगलेला असतो. तेव्हा ३६८ मिली अल्कोहोल मोजा, खुणेच्या थोडं खाली येईपर्यंत पाणी घाला, थंड होऊ द्या आणि मगच खुणेपर्यंत भरा. इथे फुलीतला फक्त अल्कोहोलचा आकडा वापरायचा, पाण्याचा सोडून द्यायचा.