बॅटरीत भरलेल्या दहा युनिटांपैकी दीड युनिट जाते कुठे?

प्रश्न: माझ्या घरच्या लिथियम बॅटरीत दहा युनिट भरली, तर परत साडेआठच मिळतात. बाकीची दीड युनिट जातात कुठे? बॅटरी खराब आहे का?

उत्तर:

बॅटरी बहुधा ठणठणीत आहे. ही दीड युनिट तीन ठिकाणी उष्णता होऊन जातात आणि त्यांपैकी प्रत्यक्ष बॅटरीच्या वाट्याला साधारण तिसरा हिस्साच येतो.

घरातली वीज एसी असते आणि बॅटरी डीसीवर चालते. भरताना एसीची डीसी करण्यात सुमारे 5 टक्के गेले, तर दहापैकी साडेनऊ युनिट बॅटरीच्या टर्मिनलपर्यंत पोहोचतात. बॅटरीने त्यातले 95 टक्के परत दिले, म्हणजे नऊ युनिट आणि वर थोडी. त्यांची पुन्हा एसी करताना आणखी 6 टक्के गेले की हातात उरतात साडेआठ. इन्व्हर्टरचा पंखा फिरतो तो यातली पहिली आणि तिसरी उष्णता बाहेर टाकण्यासाठी. ती त्याच्या ट्रान्झिस्टरांत आणि तांब्याच्या वेटोळ्यांत तयार झालेली असते.

बॅटरीच्या आतला तोटा कसा होतो, हे डिस्प्लेवर पाहता येते. सोळा सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मधल्या पातळीवर असताना 50 अँपिअरने भरली, तर व्होल्टेज 54 च्या आसपास दिसते. त्याच पातळीवर तेवढ्याच अँपिअरने वापरली, तर ते साडेएकावन्नच्या जवळ येते. आत गेलेला विद्युत्प्रभार जवळजवळ सगळा परत मिळतो, परंतु तो कमी व्होल्टेजला मिळतो, आणि साडेएकावन्नला चोपन्नने भागले की 95 टक्के येतात. हा अडीच व्होल्टचा फरक मुख्यतः अंतर्गत रोधामुळे पडतो. भरताना त्यातला निम्मा, म्हणजे सव्वा व्होल्ट, 50 अँपिअरशी गुणला की सुमारे 62 वॉट होतात. एवढी उष्णता अख्ख्या बॅटरीच्या वजनात पसरत असल्यामुळे ती फार तर कोमट होते. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता निर्माण होण्याचा वेग चौपट होतो. काम निम्म्या वेळात उरकत असले, तरी एकूण तोटा दुप्पटच होतो. त्यामुळे घाई नसेल तेव्हा बॅटरी सावकाश भरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. (लेड-अ‍ॅसिड बॅटरीत हा तोटा बराच जास्त असतो, कारण भरण्याच्या शेवटच्या टप्प्यात काही वीज पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करण्यात जाते आणि ती परत मिळत नाही.)

माझ्या मते मात्र घरगुती साठवणुकीत सर्वांत दुर्लक्षित राहतो तो चौथा खर्च, म्हणजे इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठी लागणारी वीज. तो 40 वॉट घेत असेल, तर चोवीस तासांत जवळपास एक युनिट होते. रोज साडेआठ युनिट वापरणाऱ्या घराला हे फारसे जाणवत नाही. पण मोठी यंत्रणा बसवून रोज दोनच युनिट काढणाऱ्याला त्यासाठी साधारण 2.35 युनिट भरावी लागतात, वर हे एक युनिट. म्हणजे सव्वातीनच्या पुढे घालून दोन मिळाली आणि कार्यक्षमता 60 टक्क्यांवर आली. माहितीपत्रकात 95 टक्के लिहिलेले असते ते बहुतेक वेळा फक्त बॅटरीच्या डीसी टोकांवर मोजलेले असते. यंत्रणा घेताना एसी ते एसी आकडा आणि रिकामे चालतानाचे वॉट, हे दोन्ही विचारून घ्यावेत.

याचा हिशेबावर थेट परिणाम होतो. रात्री सहा युनिट हवी असतील, तर दिवसा सोलरची जादा वीज सात युनिट असावी लागते, आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरला तर आठ. स्वस्त वेळेत वीज भरून महाग वेळेत वापरण्याचा विचार असेल, तर स्वस्त दर हा महाग दराच्या 85 टक्क्यांहून कमी असल्याशिवाय एक पैसाही सुटत नाही. बॅटरीची झीज त्याखेरीज.

तुमच्याकडचा आकडा खरा आहे का, हे तपासायचे असेल तर एका दिवसाच्या नोंदीवर जाऊ नका. काल बॅटरी 90 टक्क्यांवर होती आणि आज 60 वर असेल, तर गणित फसते. महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी ती पूर्ण भरलेली असताना नोंद घ्या आणि मधल्या काळात एसी बाजूने आत गेलेल्या व बाहेर आलेल्या युनिटांचा भागाकार करा. वापर तेवढाच असताना हा आकडा महिन्यागणिक घसरू लागला, तर आधी केबलचे जोड पाहावेत. सैल जोडात एक मिलिओहम रोध वाढला, तरी 100 अँपिअरला त्या एका बिंदूवर 10 वॉट उष्णता तयार होते. युनिटांच्या हिशेबात ती नगण्य असली, तरी टर्मिनल धोकादायक पातळीपर्यंत तापवायला पुरेशी ठरू शकते. बॅटरीवर मोठा भार असताना इन्फ्रारेड थर्मामीटर सगळ्या टर्मिनलांवरून फिरवावा, आणि एखादे इतरांपेक्षा ठळकपणे गरम दिसले, तर यंत्रणा बंद करून तो जोड इलेक्ट्रिशियनकडून साफ करून योग्य टॉर्कने आवळून घ्यावा.