‘किंमत नेतृत्व’ म्हणजे कुणाचं नेतृत्व?

“एम.कॉम.च्या नोट्समध्ये कॉस्ट लीडरशिपला ‘किंमत नेतृत्व’, डिफरन्शिएशनला ‘भेदीकरण’ आणि फोकसला ‘केंद्रीकरण’ असं लिहिलंय. हे शब्द बरोबर आहेत का? आणि एखादी कंपनी यातलं कुठलं धोरण चालवते ते ओळखायचं कसं?”

पहिला शब्द सरळ चुकीचा आहे. बाकीचे दोन चुकीचे नसले तरी वाचणाऱ्याला भलतीकडे नेतात.

‘किंमत नेतृत्व’ हा शब्द अर्थशास्त्रात आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेला आहे. मोजक्याच विक्रेत्यांच्या बाजारात एक मोठा विक्रेता दर जाहीर करतो आणि बाकीचे त्याच्यामागून आपले दर लावतात, त्याला किंमत नेतृत्व म्हणतात. व्यवस्थापनाचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांनी 1980 साली स्पर्धेत पुढे राहण्याची ही तीन धोरणं मांडली तेव्हा त्यांना म्हणायचं होतं ते वेगळंच: माल तयार करून गिऱ्हाइकापर्यंत पोचवायला ज्याला सगळ्यांपेक्षा कमी खर्च येतो, तो. कॉस्ट म्हणजे इथे खर्च, किंमत नव्हे.

गंमत म्हणजे हा फरक मराठीत रोजच्या बोलण्यात आहे, फक्त तो नोट्सपर्यंत पोचलेला नाही. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत, लोखंड ओतून सुटे भाग करणाऱ्या एका फौंड्रीत मी बरीच वर्षं कॉस्टिंगचे कागद सांभाळले. ऑर्डर मिळाल्याची बातमी घेऊन कुणी केबिनमध्ये शिरला की मालक म्हणायचे, “दिलं केवढ्याला ते मागनं सांग, पडतंय केवढ्याला ते आधी सांग.” देणं ही किंमत, पडणं हा खर्च. म्हणून मी ‘खर्चातली आघाडी’ असं लिहीन.

हिशोबानं बघू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. ट्रॅक्टरच्या एकाच पार्टचं कास्टिंग तीन फौंड्र्या करतात आणि बाजारभाव किलोला 100 रुपये आहे. पहिलीला ते 85 ला पडतं आणि ती 100 ला देते. दुसरीला 93 ला पडतं, तीही 100 ला देते. तिसरीलाही 93 लाच पडतं, पण ऑर्डर ओढायला ती 96 ला देते. दारावर गर्दी तिसरीच्या आणि ‘सगळ्यांत स्वस्त’ असं नावही तिचंच. पण खर्चात आघाडी पहिलीची आहे, आणि तिनं दर एका पैशानंही उतरवलेला नाही. बाहेरून तिच्यात आणि दुसरीत काही फरकच दिसत नाही. तो दिसतो मंदीत. भाव 90 वर आला की पहिली किलोमागे 5 रुपये कमावते, बाकीच्या दोघी 3 रुपये घालवतात. म्हणून कंपनी ओळखायची तर दरपत्रक बघू नका, पडत्या भावात कोण तग धरतं ते बघा. तुलना मात्र एकाच पार्टची हवी. साधं जाड कास्टिंग आणि आतली पोकळी ठेवायला कोअर घालावा लागतो असं पातळ कास्टिंग यांचे किलोचे खर्च शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

हे 85 येतात कुठून, तेही विचारायला हवं. कारण सांगता आलं नाही तर आघाडी बहुधा कागदावरचीच असते. फौंड्रीत एक मोठं कारण म्हणजे यील्ड, ओतलेल्या लोखंडातलं विकण्याजोगं कास्टिंग किती टक्के निघतं ते. साच्यात ओतलेल्या लोखंडातलं सगळं विकलं जात नाही. रनर-रायझरमध्ये, म्हणजे साच्याला लोखंड पोचवणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांमध्ये गोठलेलं तोडून परत भट्टीत जातं. टनभर लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट वीज धरा. यील्ड 60 टक्के असेल तर टनभर कास्टिंगसाठी सुमारे 1,667 किलो वितळवावं लागतं, म्हणजे 1,000 युनिट. साच्याची मांडणी सुधारून यील्ड 70 टक्क्यांवर नेलं की 1,429 किलो पुरतं आणि वीज लागते 857 युनिट. युनिटला 9 रुपये धरले तर किलोमागे सव्वा रुपयाहून थोडं जास्त वाचलं, तेही गुणवत्तेला हात न लावता. रिजेक्शन कमी असणं, भट्टी रिकामी न राहणं यांतूनही असंच सुटत जातं. रनर-रायझर फार कातरले तर मात्र कास्टिंगमध्ये पोकळी राहते आणि वाचवलेलं रिजेक्शनमध्ये जातं.

खोटी आघाडीही असते. आम्हीच एकदा 88 चा हिशोब काढून खूश झालो होतो. त्यात भट्टीचं लायनिंग आणि घसारा धरलाच नव्हता. ऑर्डर मिळाली, सहा महिन्यांनी लायनिंग बदलायची वेळ आली आणि तेव्हा कळलं की आपण ‘तिसरी’ फौंड्री आहोत.

आता ‘भेदीकरण’. शब्द ऐकला की मूल्यभेद आठवतो, म्हणजे एकच वस्तू वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळ्या दरानं विकणं. इथे तसलं काही नाही. साधा ‘वेगळेपण’ हा शब्द चालतो, फक्त एक अट जोडायची: त्या वेगळेपणाचे पैसे गिऱ्हाइकानं द्यायला हवेत, आणि ते त्यासाठी आलेल्या जादा खर्चाहून जास्त हवेत. कोल्हापुरी चपलेची करकर ऐकून कुणी दोनशे रुपये वर देत असेल आणि ती आणायला पन्नासच लागत असतील, तर ते वेगळेपणाचं धोरण. गिऱ्हाइकाच्या लक्षातही न येणारी बारीक वेणी घालत बसणं ही कारागिराची हौस झाली. मला ती आवडते, पण हिशोबात ती खर्चाकडेच जाते.

इथे आमच्याकडचे लोक हमखास एक घोटाळा करतात. चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून प्रत्येक दुकान ‘आमचं वेगळेपण’ म्हणून तेच सांगतं. ते मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. यंत्रावरच्या चपलेपुढे ते वेगळेपण खरंच आहे. पण एकाच गल्लीतल्या शेजारशेजारच्या दोन दुकानांत त्यानं काडीचा फरक पडत नाही. कुणापेक्षा वेगळं, हे विचारल्याशिवाय हा शब्द वापरू नये.

‘केंद्रीकरण’ म्हटलं की सत्ता किंवा कारभार एका हाती येणं डोळ्यांपुढे येतं, म्हणून फोकसला मी ‘निवडक बाजार’ म्हणेन. ही खरं तर पहिल्या दोघांच्या रांगेतली तिसरी वाटही नाही. पोर्टर यांनीच 1985 मध्ये तिचे दोन भाग केले: निवडक बाजारात खर्चाची आघाडी, किंवा निवडक बाजारात वेगळेपण. लहान कंपनी म्हणजे फोकस, असं मात्र समजू नका. फक्त साखर कारखान्यांची कामं घेणारी फौंड्री डोळ्यांपुढे आणा. साचे करायचे जुने पॅटर्न जपून ठेवलेले, गाळप बंद असताना दुरुस्तीची कामं रांगेत लावलेली, हंगामात रात्री फोन आला तरी भट्टी पेटणार. अशा ठिकाणी ट्रॅक्टरची मोठी ऑर्डर घेऊन कुणी आला आणि मालकानं चहा पाजून त्याला परत पाठवला, तर तिथे फोकस आहे. ऑर्डर घेतली, तर नुसता आकार लहान आहे.

परीक्षेत नोट्समधलाच शब्द लिहावा लागणार असेल तर लिहा, पण पुढच्याच वाक्यात ‘येथे किंमत म्हणजे उत्पादकाला येणारा खर्च’ एवढं जोडा.