केमोच्या गोळ्यांमुळे तळहात-तळपाय सोलणे

आईला केपसायटाबिनच्या गोळ्या चालू आहेत. दुसऱ्या फेरीत तळपाय लाल होऊन सोलतायत, चालताना दुखतं. काय करू?

आजच कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा आणि पुढची गोळी द्यायची का, ते विचारा. नुसती लाली किंवा मुंग्या असतील तर गोळ्या सहसा चालू राहतात. पण दुखण्यामुळे चालणं अडायला लागलं की बहुतेक वेळा त्या काही दिवस थांबवतात, त्रास ओसरल्यावर पुन्हा सुरू करतात, गरज पडल्यास कमी डोसने. सहन करत गोळ्या घेत राहिलं की फोड येतात, भेगा पडतात, आणि मग थांबणं लांबतं.

घरी उष्णता आणि घर्षण टाळायचं. कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा आणि १० टक्के युरियाचं क्रीम दिवसातून दोन-तीनदा हलक्या हाताने लावा. चोळू नका, चोळण्यानेच त्रास वाढतो. भेगा असतील तिथे युरिया झोंबतो, तिथे साधं व्हॅसलिन बरं. आग होत असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं ठेवा. सुटलेली साल ओढू नका. सैल सुती मोजे, मऊ तळव्याची चप्पल.

फोड फुटला, पू आला किंवा ताप ३८ अंशांवर गेला तर लगेच दवाखाना गाठा.