कानशीची मूठ आणि फझी स्किन : वाचकांचे प्रश्न

कानशीसाठी थ्री-डी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये मूठ छापली, पण थरांच्या रेषा लांबूनही दिसतात. थराची उंची ०.२ मिमीवरून ०.१२ केली, तरी फार फरक पडला नाही. फझी स्किनने रेषा जातील का?

रेषा जाणार नाहीत, पण दिसेनाशा होतील. प्रत्येक थराची कड सरळ आणि शेजारच्या थराला समांतर असते. उजेड सगळ्या कडांवर एकाच तऱ्हेने पडतो, म्हणून डोळ्याला पट्टे दिसतात. फझी स्किन लावली की मॉडेलचे थर पाडून नोझलची वाट आखणारा स्लायसर बाहेरच्या भिंतीची वाट बारीक तुकड्यांत तोडतो आणि प्रत्येक बिंदू वाटेल तसा थोडा आत किंवा बाहेर सरकवतो. उजेड विखुरतो आणि पृष्ठभाग रवाळ दिसतो. थर जिथे सुरू होऊन संपतो ती उभी शिवणही त्यातच हरवते. तेव्हा थर पुन्हा ०.२ चाच ठेवा. मात्र मधेच एखादा थर बाजूला सरकला असेल, तर ती पायरी दिसणारच. तिथे आधी प्रिंटरचे बेल्ट आणि पुली तपासा.

`Fuzzy skin` चालू करून मूठ छापली. पकड आली, पण दहा मिनिटे कानस चालवली की तळहात चुरचुरतो. काय बदलू?

प्रुसास्लायसरमध्ये `Fuzzy skin thickness` ०.३ आणि `Fuzzy skin point distance` ०.८ मिमी असे आधीच भरलेले असते. तुमचे आकडे तेच असावेत. पहिला आकडा बिंदू किती सरकेल ते सांगतो, दुसरा दोन बिंदूंमधले सरासरी अंतर. पीएलए कडक असल्याने ०.३ ची टोके बोथट होत नाहीत आणि हाताला सँडपेपरसारखी लागतात.

मी मुठीसाठी जाडी ०.१५ ते ०.२ आणि अंतर ०.४ च्या आसपास ठेवतो. टोके बुटकी आणि दाट झाली की दाब पुष्कळ ठिकाणी वाटला जातो. हात घसरत नाही आणि बोचतही नाही. जाडी तशीच ठेवून नुसते अंतर कमी करू नका, तसे केले तर टोके आणखी उभी आणि टोकदार होतात. आधी ३० मिमी उंचीचा, मुठीच्याच जाडीचा तुकडा छापा आणि ओल्या हाताने पिळून बघा. पूर्ण मूठ त्यानंतर छापा. छापून झालेली मूठ फेकू नका, २२० नंबरच्या पॉलिश पेपरचे दोन हलके हात मारले की टोके उतरतात.

छापताना प्रिंटर घरघर करील आणि वेळही जास्त लागेल. नोझलला सतत दिशा बदलावी लागते, त्याचाच हा आवाज आहे.

मुठीच्या तोंडावर पितळी कडी बसवायची आहे. साधी छापली होती तेव्हा ती बसत होती, आता अडकते.

जाडीचा आकडा दोन्ही बाजूंनी लागू होतो, घोटाळा इथेच होतो. कडी आतून २२ मिमी आणि मुठीचे तोंड २१.८ धरू. ०.२ ची जाडी दिली, तर टोके प्रत्येक बाजूला ०.२ बाहेर येतात आणि व्यास २२.२ पर्यंत जातो. कडी अडकणारच. घासून बसवली, तरी ती फक्त टोकांवर टेकते आणि टोके झिजली की सैल होते.

तोंडाची ती पट्टी गुळगुळीतच हवी. मॉडेलवर राइट क्लिक करून `Add modifier` मधून एक सिलिंडर घ्या, तो तळहात पडतो तेवढ्याच भागावर बसवा आणि फझी स्किन फक्त त्याच्यापुरती लावा. बाकीच्या मॉडेलला `None`. मॉडिफायरमध्येही `Outside walls` निवडा, म्हणजे कानशीचे निमुळते टोक शिरते ते भोक साफ राहते. `All walls` निवडले, तर भोकाच्या भिंतीही खरखरीत होतात.

मूठ आडवी छापली तर वरच्या बाजूला पट्टे तसेच राहतात. उभी छापू का?

फझी स्किन वाट आडव्या पातळीतच हलवते, वर-खाली नाही. आडव्या मुठीच्या कुशीवर पोत छान येतो, पण पाठीवर जिथे उतार मंदावतो तिथे थरांच्या रुंद पायऱ्या उरतात. उभी छापली की पोत सगळीकडून सारखा येतो, फक्त माथ्याच्या घुमटावर पायऱ्या दिसतात.

पण उभ्या मुठीत थर आडवे पडतात. कानस पाचरीसारखी ठोकून बसवली आणि जोर तिरका लागला, तर मूठ थरांच्या सांध्यातच दुभंगते. फझी स्किनने मजबुती वाढत नाही. म्हणून उभी छापायची तर मी निदान ५ भिंती देतो, भोक कानशीच्या टोकाच्या मापाचे ठेवतो आणि कानस न ठोकता इपॉक्सीने चिकटवतो. ठोकूनच बसवायची असेल, तर आडवी छापा आणि पाठीवरच्या पायऱ्या पॉलिश पेपरने उतरवा.